वेग कमी केला

‘नदीकाठ’ या दैनिकाचे कार्यालय उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर होते. खालच्या मशिनी सुरू झाल्या की वरच्या टेबलांवरचे चहाचे पेले बारीक थरथरत. बुद्धभूषण त्या थरथरीला इतका सरावला होता की ती थांबली म्हणजेच काही घडल्यासारखे त्याला वाटे. त्या सकाळी मशिनी चालू होत्या, तरीही काहीतरी घडले होते. समोर त्या दिवसाचा अंक उघडा पडला होता. तिसऱ्या पानावर, त्याच्या नावाखाली, एक वाक्य छापून आले होते आणि ते त्याने लिहिलेले नव्हते.

‘संधान’ मोहिमेची ती बातमी होती. एकाच रॉकेटमधून वर गेलेली दोन लहान याने एकमेकांपासून सुटी झाली होती आणि आता पृथ्वीभोवती फिरता फिरता त्यांनी पुन्हा एकमेकांना गाठून जोडले जायचे होते. मागच्याने पुढच्याला गाठायचे होते. अवकाश संस्थेच्या इंग्रजी पत्रकातला अवघड मजकूर उकलून बुद्धभूषणने लिहिले होते : ‘मागच्या यानाने आपला वेग थोडा कमी केला आहे. त्यामुळे ते खालच्या कक्षेत उतरेल आणि पुढच्या यानाला गाठू लागेल.’ अंकात छापले होते : ‘मागच्या यानाने आपला वेग वाढवला असून ते लवकरच पुढच्या यानाला गाठेल.’

त्याने ते वाक्य तीनदा वाचले. वाक्य गुळगुळीत होते. कोणालाही पटेल असे होते. एवढेच की ते खोटे होते.

“साहेब, हे कोणी बदललं?”

हिंदुराव हे ‘नदीकाठ’चे मालक आणि संपादक. साताऱ्याकडून तरुणपणी इकडे आलेले. चष्मा कपाळावर सरकवून बोलायची त्यांना सवय होती.

“मी बदललं. आभार मान. पुढच्याला गाठायचंय म्हटल्यावर वेग वाढवायला नको? तू लिहिलंस ‘कमी केला’. म्हटलं, घाईत उलटं पडलं पोराचं. माझी नजर गेली म्हणून वाचलास.”

“उलटं पडलं नव्हतं. तसंच असतं.”

“तसंच असतं?” हिंदुरावांनी पाने लावणाऱ्या स्वप्नालीकडे पाहिले. “ऐक गं. मी स्कूटरला ब्रेक लावायचा आणि म्हणायचं, आता डोंबिवली लवकर येणार.”

स्वप्नाली हसली. मग बुद्धभूषणचा चेहरा पाहून तिने हसू आवरले आणि संगणकाकडे तोंड वळवले.

“वेग वाढवला असता तर ते यान वर चढलं असतं आणि आणखी मागे पडलं असतं,” बुद्धभूषण म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत होता, पण आज तो तुटत नव्हता. “आपण जे छापलंय ना, त्याच्या बरोबर विरुद्ध घडतं तिथे. साहेब, दुरुस्ती छापावी लागेल.”

“कोणासाठी?” हिंदुरावांनी विचारले. त्या प्रश्नात राग नव्हता. खरेखुरे कुतूहल होते, आणि तेच बुद्धभूषणला अधिक लागले. “आपला वाचक पाणी किती वाजता येणार ते बघतो, कोण गेलं ते बघतो, भाजीचा भाव बघतो. यान गेलं, गाठलं, टाळ्या. त्याला तुझी कक्षा-बिक्षा कळत नाही रे भूषण. कळायची गरजही नाही.”

बुद्धभूषणच्या डोळ्यांसमोर अंबरनाथच्या पूर्वेला, पालेगावच्या वाटेवर असलेला त्यांचा विहार उभा राहिला. तिथे रोज सकाळी वंदना झाली की त्याचे वडील धम्मदीप वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. ज्यांना अक्षरओळख नव्हती किंवा ज्यांची नजर आता साथ देत नव्हती, ती माणसे सतरंजीवर बसून ऐकत. वाचण्याची ही रीत विहाराइतकीच जुनी होती, आणि धम्मदीपांचा तिच्यात एकच नियम होता : छापले आहे तेच वाचायचे, आपल्या पदरचे काही घालायचे नाही. म्हणजे आज सकाळी त्यांनी ते वाक्य वाचले असणार. मुलाचे नाव आधी, अभिमानाने, जरा थांबून. आणि मग ते खोटे, खणखणीत आवाजात.

“कळतं,” तो म्हणाला.

“काय?”

“वाचकाला कळतं. आपण नीट सांगितलं तर.”

हिंदुरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. या अबोल पोराने गेल्या दोन वर्षांत त्यांच्याशी इतका वाद कधी घातला नव्हता.

“बरं. तुमच्याकडे विहारात वाचन होतं ना? उद्या मी येतो. तुझी बातमीची कॉपी नव्याने लिही आणि तिथं वाच. कळलं लोकांना, तर पहिल्या पानावर घेतो. नाही कळलं, तर तुझा गुरुवारचा विज्ञानाचा रकाना बंद. पाणीकपात आणि निधनवार्ता सांभाळायच्या. चालेल?”

तो रकाना मिळवायला बुद्धभूषणला वर्ष लागले होते. आठवड्यातून एकदा, दुमडलेल्या कागदावर, आकाशाबद्दल मराठीत लिहिण्याची तेवढीच जागा त्याला होती.

“चालेल,” तो म्हणाला.

त्या दुपारी तो लिहायला बसला. एका मोठ्या वृत्तपत्राने याच घटनेला ‘प्रतिगामी प्रज्वलन’ म्हटले होते. हे दोन शब्द त्याने कागदावर लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. हे विहारात वाचले, तर यानाला आधी जातीयवादी ठरवतील. त्याने ते खोडले. आधी ‘कक्षा’ शब्दालाच हात घातला. कक्षा म्हणजे पृथ्वीभोवती फिरण्याची यानाची वाट. ती आखलेली नसते, दिसत नाही, तरी यान ती सोडत नाही. मग ‘ब्रेक’. तिथे रस्ता नाही, टायर नाहीत, घासायला काही नाही. वेग कमी करायचा तर ज्या दिशेने चाललो त्या दिशेला ज्वाळा फेकायची, म्हणजे तिचा रेटा आपल्याला मागे ढकलतो. इथवर ठीक होते. पण मुख्य गाठ पुढे होती : हळू झालेला पुढच्याला गाठतो कसा?

संध्याकाळी घरी जाताना तो शिवमंदिरावरून गेला. माणसे प्रदक्षिणा घालत होती. बाहेरच्या अंगाने चालणारी मंडळी मागे राहत होती आणि भिंतीला लागून चालणारी म्हातारी त्यांच्याआधी वळणावर पोहोचत होती. तो थबकला. आतली वाट लहान! खाली उतरलेल्या यानाची वाटही लहान! त्याने तिथेच उभ्याने ते वाक्य मनात रचले, आणि घरी जाईपर्यंत त्याची पावले त्याला हलकी वाटली.

सकाळी विहारात नेहमीची मंडळी जमली होती. पुढे गोजरबाई, दुखरे पाय सतरंजीवर पसरून बसलेल्या. खांबाला टेकून धोंडिबा. तो पालेगावचा कुणबी. जमिनीवर इमारत उभी राहिल्यापासून त्याच्या सकाळी मोकळ्या झाल्या होत्या आणि तो वंदना संपल्यावर केवळ पेपर ऐकायला येई. हिंदुराव चप्पल बाहेर काढून आत आले, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. धम्मदीपांनी मुलाकडे पाहिले.

“आज तू वाच.”

बुद्धभूषण उठला. त्याने पहिले वाक्य वाचले.

“मोठ्यानं वाच की रे!” गोजरबाई ओरडल्या. “पोरगी बघायला आलायस का, मान खाली घालून?”

सगळे हसले, तोही ओशाळून हसला, आणि त्या हसण्यातून त्याचा आवाज बाहेर आला. कक्षेचे वाक्य गेले. ज्वाळा पुढे फेकण्याचे वाक्य गेले. एकाने “बंदुकीचा धक्का बसतो तसं,” म्हटले आणि दुसऱ्याने मान हलवली. मग त्याने वाचले, “मागच्या यानाने वेग कमी केला, म्हणून ते खाली उतरले.”

“खाली उतरलं म्हणजे पडणार नाही का ते?” गोजरबाईंनी मध्येच विचारले.

कागदावर याचे उत्तर नव्हते. त्याने कागद खाली केला.

“ते सारखं पडतच असतं, आजी. वरचं असो की खालचं. पण पुढं इतक्या जोरात जात असतं, की ते जेवढं खाली पडतं, तेवढी खालची जमीनही वाकत जाते. पृथ्वी गोल आहे ना. म्हणून ते जमिनीला लागतच नाही.”

गोजरबाईंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे आयुष्यभर पडत राहायचं आणि पोचायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्यासारखंच की.”

मागच्या खुर्चीवर हिंदुरावांना हसू आले. बुद्धभूषणला मात्र त्या वाक्याने आत कुठेतरी हात लावला. तो पुढे वाचू लागला. प्रदक्षिणेचा भाग आता आला होता, त्याचा लाडका. “शिवमंदिरात भिंतीला लागून चालणारा भाविक जसा बाहेरून चालणाऱ्याच्या आधी फेरी पूर्ण करतो, तसेच खालच्या कक्षेतले यान—”

“थांब, थांब,” खांबाजवळून धोंडिबा म्हणाला. “तू मलनी बगितलीस का कधी? बैलांची?”

“ऐकलंय, आण्णा. बघितली नाही.”

“खल्याच्या मधी खांब. त्याला बैल एका रांगेत बांधायचे. खांबाजवलचा बैल हलू चालतो. म्हातारा बैलच बांधतात तितं. भाइरच्याला पलायला लागतं, म्हनून तितं तरना. आता तू म्हनतोस खांबाजवलचं यान पुढं जातं. वाट ल्हान हाय म्हनून जातं, का त्याचा येगपन जास्त हाय? देवलातली म्हातारी काय पलत नाय. मंग येग कमी करून येग कसा आला, ते काय तू सांगितलंस नाय.”

हिंदुराव खुर्चीवर पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर पैज जिंकत आलेल्या माणसाचा संयम होता.

बुद्धभूषण कागदाकडे पाहत राहिला. ‘उपमा आहे, थोडं समजून घ्या’ असे म्हणता आले असते. पुष्कळजण तसेच म्हणतात. पण त्याला स्वच्छ दिसले की प्रदक्षिणेने अर्धेच सांगितले होते आणि उरलेल्या अर्ध्यावर सुबक पांघरूण घातले होते. हिंदुरावांनी ‘वाढवला’ लिहून जे केले, त्याचेच हे देखणे भावंड होते. त्याने खिशातले पेन काढले आणि सर्वांसमक्ष तो परिच्छेद खोडला.

“आण्णा, माझी उपमा अर्धी होती. पुन्हा सांगतो. तुम्ही सायकल चालवलीय?”

“पालेगावाहून कंपनीत सायकलीवरच गेलो समदं आयुष्य, शेत सांभालून.”

“चढाच्या माथ्यावर तुम्ही सायकल हळू केलीत. आणि समोर उतार आहे. मग?”

“मंग काय, सायकल सुटनार.”

“यानाचं तेच होतं. वरच्या वाटेवर टिकायला जेवढा वेग लागतो, तेवढा त्याच्याकडे उरला नाही, म्हणून ते पृथ्वीकडे उतरू लागलं. उतरताना पृथ्वी त्याला ओढते. ब्रेक लावून जेवढा वेग गमावला, त्याहून जास्त उतारावर मिळतो. खाली वाटही लहान आणि वेगही जास्त. दोन्ही. म्हणून ते पुढच्याला गाठू लागतं. जवळ पोचलं की पुन्हा इंजिन पेटवायचं, या वेळी ज्वाळा मागच्या बाजूला. मग ते चढ चढून पुढच्याच्या वाटेवर येतं. चढताना वेग कमी होतोच. तेव्हा दोघांचा वेग जुळतो, आणि मग सावकाश जवळ जायचं.”

धोंडिबाने बोटाने हवेत एक वर्तुळ काढले, त्याच्या आत दुसरे काढले आणि आतल्या वर्तुळावर बोट भराभर फिरवले.

“म्हंजे आमच्या खल्याचं बरोब्बर उलटं. खांबाजवलचा बैल जोरात.”

“बरोब्बर उलटं.”

“मंग तसंच लिव ना! खल्याच्या उलटं. देऊल कशाला मधी आनलंस?”

हशा पिकला. बुद्धभूषणने खोडलेल्या परिच्छेदाच्या जागी तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यात हिंदुराव उठून उभे राहिले.

“छान झालं. पण कागदावरून कळलं नाही हां भूषण. तोंडी समजावून सांगावं लागलं. पैज मी जिंकलो.”

“जिंकलात,” बुद्धभूषण म्हणाला. “माझी कॉपी हरली. पण तुम्ही म्हणाला होतात की वाचकाला कळत नाही. ज्याला कळत नाही तो मान डोलावतो, साहेब. यांनी मला अडवलं.”

तेवढ्यात धम्मदीप बोलले. ते सावकाश, एकेक शब्द तपासत बोलत होते.

“मग काल मी काय वाचलं? काल ‘वेग वाढवला’ असं होतं. मी इथं सगळ्यांसमोर वाचलं. ते खोटं होतं?”

हिंदुराव भिंतीकडे पाहू लागले. बुद्धभूषणला वाटले, एकच नाव घेतले की आपली मान सुटेल. त्याने ते घेतले नाही.

“चुकीचं होतं, पप्पा. उद्या आम्ही दुरुस्ती छापू.”

बाहेर चपला घालताना हिंदुरावांनी त्याचा दंड धरला. “कोणाला विचारून सांगितलंस? दुरुस्ती म्हणजे काय, ठाऊक आहे? एवढी वर्षं पेपर काढतोय. महापालिकेच्या नोटिसा पचवल्या, मोर्चे पचवले, एक ओळ मागे घेतली नाही. लेख छापतो, चल, पहिल्या पानावर छापतो. पैज हरलास तरी छापतो. पण दुरुस्ती नाही.”

“मग लेखही नको.”

“काय म्हणालास?”

“काल एक सांगितलं, उद्या त्याच्या उलट सांगायचं आणि मधे काहीच झालं नाही असं दाखवायचं. मग माणसाने दोन्हीतल्या कशावर विश्वास ठेवायचा? माझा लेख नको, साहेब.”

संध्याकाळी खालच्या मशिनी एकेक करून बंद होत होत्या. पहिल्या पानाची जबाबदारी त्या दिवशी बुद्धभूषणकडे होती, आणि त्याने ठीक आहे म्हटल्याशिवाय स्वप्नाली पान छापखान्याकडे सोडत नसे. पडद्यावर त्याचा लेख लागलेला होता. तो हिंदुरावांनी स्वतःच लावायला सांगितला होता. त्याच्या खाली, पानाच्या मध्यावर, बुद्धभूषणने एक लहान चौकट बसवली होती :

‘दुरुस्ती. मागच्या यानाने वेग वाढवला, असे काल आम्ही छापले. ते चूक होते. त्याने वेग कमी केला. चूक अवकाश संस्थेची नाही, आमची आहे.’

“चौकट काढ,” हिंदुराव मागून म्हणाले.

“नाही.”

“स्वप्नाली, तू काढ.”

स्वप्नालीने माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला. “सर, पान भूषणचं आहे. त्यालाच सांगा ना.”

“तुला उद्यापासून यायची गरज नाही, भूषण. समजलं?”

“समजलं.” त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. “पण आजचं पान माझं आहे. ते या चौकटीसकट जाईल, नाहीतर मी ठीक आहे म्हणणार नाही. तुम्ही स्वतः सोडू शकता. मालक तुम्हीच आहात. फक्त ‘कमी’ या शब्दाला पुन्हा हात लावू नका. सकाळी माझे वडील वाचणार आहेत. ते छापलेलंच वाचतात.”

शेवटची मशीन थांबली. पेले निश्चल झाले. त्या शांततेत हिंदुराव पडद्यासमोर वाकले, चष्मा डोळ्यांवर आणला आणि लेख पहिल्यापासून वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. ‘खळ्यावर खांबाजवळचा बैल हळू चालतो, आकाशात नेमके याच्या उलट’ या वाक्यावर ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा वाचत आले. त्यांचे बोट पडद्यावर हलकेच एका वर्तुळात फिरले. साताऱ्याकडच्या कुठल्या तरी खळ्यावर ते त्या क्षणी उभे असावेत. मग ते खाली चौकटीवर आले, आणि तिथे फार वेळ थांबले.

“इथं नको,” ते म्हणाले.

बुद्धभूषणने श्वास घेतला. “साहेब, मी सांगितलं ना—”

“अरे, इथं पानाची घडी पडते!” हिंदुराव खेकसले. “घडीवरची शाई पुसते, अक्षर धड लागत नाही. दोन वर्षं पान लावतोयस, एवढं कळत नाही? तुझा बाप काय वाचणार, कपाळ? वर घे. पेपरच्या नावाच्या खाली, उजवीकडे.”

स्वप्नालीने चौकट उचलली आणि वर नेली. हिंदुराव पाठ फिरवून दारापर्यंत गेले, तिथून, वळून न पाहता, म्हणाले, “आणि ‘आमची’च्या जागी ‘संपादकाची’ कर. डेस्कवर कोणी बदललं नव्हतं.”

बुद्धभूषणने तो शब्द बदलला. मग त्याने सगळे पान वरून खालपर्यंत पुन्हा वाचले, आणि स्वप्नालीला म्हणाला, “ठीक आहे. सोड.”

दुसऱ्या दिवशी कामावर जायचे की नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सकाळी तो विहारात मागच्या खांबाशी जाऊन बसला. धम्मदीपांनी अंक उलगडला, वरच्या उजव्या कोपऱ्यावर त्यांची नजर गेली आणि त्यांनी घसा साफ केला.

“दुरुस्ती,” त्यांनी वाचले, पदरचे काहीही न घालता. “मागच्या यानाने वेग वाढवला, असे काल आम्ही छापले—”

“काल नाय, परवा,” धोंडिबा म्हणाला. “आता ते ऱ्हाऊ दे, माझा बैल कुठं हाय ते वाच.”